पोलिस कोठडी, न्यायालयीन कोठडी आणि पुन्हा पुन्हा वाढणारा रिमांड

प्रश्न: "माझा धाकटा भाऊ एका खाजगी फर्ममध्ये अकाउंटंट होता. मालकाने अफरातफरीची फिर्याद दिली. कलम ३१६(४) आणि ३१८(४) लावलीत. ३ मार्चला रात्री अटक झाली, ४ तारखेला कोर्टाने ७ पर्यंत पोलिस कोठडी दिली, मग ११ पर्यंत वाढवली, आता २५ पर्यंत न्यायालयीन कोठडी आहे. ओळखीचे म्हणतात आता पोलिसांचा संबंध संपला. वकील म्हणतात, पोलिसांनी हक्क राखून ठेवलाय. मॅजिस्ट्रेट दर वेळी का वाढवून देतात आणि याला शेवट आहे की नाही?"

उत्तर:

तुमचे ओळखीचे जुन्या कायद्याप्रमाणे बोलतायत आणि वकील नव्या कायद्याप्रमाणे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. रिमांडचं जुनं कलम १६७ आता १८७ झालंय. आकडा बदलला तसा आत एक मोठा बदलही झाला, आणि तुमच्या घरातला गोंधळ नेमका त्यावरच आहे.

मी तालुका आणि जिल्हा न्यायालयांत आरोपींच्या बाजूने उभा राहतो. रिमांडच्या वेळी घरच्यांना पडणारे प्रश्न वरवर बरेच असले तरी मुळात दोनच असतात. माणूस आत्ता कुणाच्या हातात आहे, हा पहिला. तपासाला एकूण किती दिवस मिळणार, हा दुसरा. दोन्हींचे हिशोब वेगळे आहेत, पण ते एकाच तारखेपासून सुरू होतात. म्हणून लोक पंधरा दिवस, साठ दिवस, चौदा दिवस हे सगळे आकडे एकमेकांत मिसळतात.

आधी हातात कुणाच्या ते पाहू. पोलिस कोठडी, म्हणजे आमच्या बोलीत पीसीआर, याचा अर्थ आरोपी लॉकअपमध्ये असतो. तपास अधिकारी त्याला केव्हाही समोर बसवू शकतो, घरी किंवा दुकानावर नेऊ शकतो, बँकेत नेऊन विचारू शकतो. न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर, यात तो जेलमध्ये असतो. ताबा कोर्टाचा आणि सांभाळणारा तुरुंग प्रशासनाचा. पोलिसांना तिथे विचारपूस करायची असेल तर कोर्टाकडून परवानगी घ्यावी लागते आणि ती जेलच्या आतच होते. कुटुंबाला जेलमध्ये मुलाखत मिळते, वकिलाला भेटता येतं. दोन्ही ठिकाणी माणूस आतच असतो, पण पोलिस कोठडीत तो ज्यांनी त्याच्यावर आरोप ठेवलाय त्यांच्याच ताब्यात असतो. म्हणून कायदा या दिवसांबाबत जास्त कडक आहे.

इथे बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की पोलिसांना ताबा इतका का हवा असतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली तर कोर्टात चालत नाही! खरंय, ती चालत नाही. पण त्याला एक अपवाद आहे. आरोपीने ताब्यात असताना काही सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट संबंध असलेला त्याच्या बोलण्याचा तेवढा भाग पुरावा ठरतो. साक्ष अधिनियमाचं जुनं कलम २७ ते हेच. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये गेलंय. निवेदन पंचनामा म्हणतात तो याच्यासाठी. पंचांसमोर आरोपी म्हणतो, "लॅपटॉप मी अमुक ठिकाणी ठेवलाय, चला दाखवतो." मग सगळे तिकडे जातात, वस्तू काढून देतो, जप्ती होते. हे जेलमधून करता येत नाही. पोलिस कोठडीमागचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि मॅजिस्ट्रेटने तपासायचं तेही हेच.

मॅजिस्ट्रेटसमोर रिमांडच्या दिवशी काय असतं ते सांगतो, म्हणजे ते तारीख का वाढवतात हे कळेल. अटक झाल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला हजर करावंच लागतं. हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. सोबत येतो रिमांड रिपोर्ट: दोन-तीन पानं, त्यात गुन्ह्याची हकिकत, आतापर्यंत झालेला तपास आणि मग आकडे टाकून मांडलेली कारणं. दुसरी गोष्ट केस डायरी. ती मॅजिस्ट्रेटला दाखवायची असते, पण आरोपीच्या वकिलाला मिळत नाही. त्यामुळे रिपोर्टात एक ओळ असते, डायरीत तिच्यामागचा मजकूर असतो, आणि आम्ही फक्त ओळीवर बोलत असतो. ही लढत समान नसते, पण कायद्यातच तशी सोय आहे.

रिपोर्टातली कारणं वर्षानुवर्षं जवळपास तीच असतात. रक्कम हस्तगत करायची आहे, गुन्ह्यात आणखी कोण सामील आहे ते शोधायचंय, आरोपीच्या हस्ताक्षराचे नमुने घ्यायचेत, बँक खात्यांचा तपशील मिळवायचाय, मोबाईल जप्त करायचाय, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "आरोपी तपासात सहकार्य करीत नाही." यातलं प्रत्येक कारण खोटं नसतं. पण प्रत्येकासाठी आरोपीचा ताबा लागतो असंही नसतं, आणि वकिलाने बोलायची जागा तिथेच असते.

तुमच्या भावाच्या केसमध्ये बँकेचे उतारे बँकेकडून पत्र देऊन मिळतात, त्याला लॉकअपमध्ये ठेवून ते लवकर येत नाहीत. हस्ताक्षराचे नमुने द्यायचा आदेश मॅजिस्ट्रेट स्वतः देऊ शकतात, संहितेच्या कलम ३४९ मध्ये तशी तरतूद आहे, त्यासाठी पोलिस कोठडी लागत नाही. सहकार्य करत नाही याचा अर्थ बहुतेकदा गुन्हा कबूल करत नाही एवढाच असतो. गप्प राहणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या संतोष फाफट प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की आरोपी कबुली देत नाही म्हणून तो सहकार्य करत नाही असं म्हणता येणार नाही. या उलट, खोट्या नोंदी ज्या लॅपटॉपवर केल्या तो सापडत नाही, किंवा काढलेली रोकड एका नातेवाइकाकडे ठेवल्याचं डायरीत आलंय, अशी कारणं असतील तर मॅजिस्ट्रेट दोन-तीन दिवस देतात. मी त्या खुर्चीत असतो तर बहुधा मीही दिले असते.

पहिल्यांदा तीन दिवस आणि मग चार, असं तुकड्यांत मिळणं ही वाईट खूण नाही, उलट त्यात अर्थ आहे. तपास अधिकारी पहिल्या दिवशी सात किंवा दहा मागतो. मॅजिस्ट्रेट तीन देतात, म्हणजे तीन दिवसांनी विचारता यावं की दिलेल्या दिवसांत काय केलं? दुसऱ्या रिमांडला मी सगळ्यात आधी जुना रिपोर्ट नव्याशेजारी ठेवतो. कारणं शब्दशः तीच असतील, जप्ती काही नसेल, कुठे नेल्याची नोंद नसेल, तर कोर्टाला तेवढंच दाखवायचं. अनेकदा याच मुद्द्यावर पोलिस कोठडी थांबते आणि न्यायालयीन कोठडी मिळते. तुमच्या ७ आणि ४ मार्चच्या रिपोर्टांच्या नकला वकिलांकडे आहेत का ते विचारा. नसतील तर कोर्टातून मिळतात.

मॅजिस्ट्रेटनी पोलिस कोठडी देताना कारणं लिहायची असतात. रिपोर्टावर नुसतं "वाचलं, ऐकलं, मंजूर" लिहून ताबा देणं कायद्याला धरून नाही. तरी असे आदेश निघतात. दुपारनंतर सात-आठ रिमांड एकामागून एक आले, बाहेर पोलिसांची गाडी थांबलेली, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, अशा वेळी काय होतं ते मी बघितलंय. म्हणून वकिलाने तोंडी बोलून न थांबता अर्ध्या पानाचं लेखी म्हणणं द्यावं. समोर लेखी मुद्दे असले की आदेशात त्यांना उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या नजरेतून सुटते. हजर केल्यावर मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" उत्तर आदेशात लिहिलं जातं. "तक्रार नाही" असं एकदा लिहिलं गेलं की महिन्याभराने मारहाणीबद्दल बोलणं अवघड होतं. भावाला काही झालं असेल तर त्याच वेळी, पोलिस शेजारी उभे असले तरी, सांगायला हवं. मग मॅजिस्ट्रेट वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतात. पोलिस कोठडीसाठी दर वेळी आरोपीला प्रत्यक्षच उभं करावं लागतं. न्यायालयीन कोठडी वाढवायची असेल तर मात्र व्हिडिओवरून हजर केलं तरी चालतं. तुमच्या भावाची २५ तारीख बहुधा तशीच होईल, त्यामुळे कोर्टात जाऊन तो दिसला नाही म्हणून घाबरू नका.

आता दिवसांचा हिशोब. पोलिस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. हे आधीही होतं आणि आजही आहे. जुन्या कायद्यात सुप्रीम कोर्टाने १९९२ साली अनुपम कुलकर्णी प्रकरणात ठरवलं होतं की हे पंधरा दिवस पहिल्या रिमांडपासूनच्या पहिल्या पंधरा दिवसांतच वापरायचे. सोळाव्या दिवसापासून, आधी एकच दिवस वापरला असला तरी, त्या गुन्ह्यात पोलिस कोठडी नाही. तीस वर्षं आम्ही यावर चाललो. तुमच्या ओळखीच्यांच्या डोक्यात हेच आहे. मधल्या काळात अडचण अशी दिसली की काही आरोपी याच पंधरा दिवसांत हॉस्पिटलमध्ये दाखल होत आणि पोलिसांचे दिवस वाया जात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन निकालांत या नियमाबद्दल शंका व्यक्त झाली.

नव्या संहितेने तो नियम बदलला. पंधरा दिवस तेवढेच राहिले, पण ते सलग किंवा तुकड्यांत वापरता येतात. ज्या गुन्ह्यात तपासाला एकूण साठ दिवस मिळतात तिथे पहिल्या चाळीस दिवसांत, आणि जिथे नव्वद मिळतात तिथे पहिल्या साठ दिवसांत. "पोलिस कोठडीचा हक्क अबाधित ठेवून न्यायालयीन कोठडी द्यावी" असं वाक्य रिमांड रिपोर्टाच्या शेवटी हल्ली दिसतं ते त्यामुळे. तुमच्या वकिलांनी सांगितलं ते हेच.

तुमच्या तारखा घालून बघू. पहिला रिमांड ४ मार्चला. ४ ते ११ मार्च पोलिस कोठडी. पहिला दिवस धरला तर आठ दिवस झाले, न धरता मोजले तर सात. तपास अधिकारी सात म्हणेल आणि आठ दिवस शिल्लक दाखवेल. माझ्या मते पहिला दिवस धरायला हवा आणि शिल्लक सात. कारण पुढे सांगतो. तर हे उरलेले सात दिवस पोलिस कुठवर मागू शकतात? ४ मार्च हा पहिला दिवस धरला की चाळिसावा दिवस १२ एप्रिलला येतो. त्यानंतर या गुन्ह्यात पोलिस कोठडी मागता येणार नाही, दिवस शिल्लक असले तरी.

हक्क राखून ठेवला म्हणजे पोलिस जेलवर जाऊन भावाला घेऊन येतील असं मात्र नाही. त्यांना कोर्टात अर्ज करावा लागेल, कोर्ट जेलला त्याला हजर करायला सांगेल, तुमच्या वकिलांना बोलायला मिळेल, आणि आता नवं असं काय निघालं ते अधिकाऱ्याला दाखवावं लागेल. "हक्क राखून" हे शब्द आदेशात नसतील तर पोलिसांचा अधिकार संपतो, किंवा असतील तर कोठडी मिळतेच, या दोन्ही समजुती मला चुकीच्या वाटतात. अधिकार कलमातून येतो, त्या वाक्यातून नाही.

या बदलाने आरोपीच्या बाजूला खरा तोटा झाला तो जामिनाच्या बाबतीत. पूर्वी पंधरा दिवस संपले की "आता ताब्याची गरज उरली नाही" म्हणून जामिनाचा अर्ज जोरात मांडता यायचा. आता समोरून उत्तर येतं, "आमचे सात दिवस बाकी आहेत." पण कायदा करणाऱ्यांनी यावर उपाय ठेवलाय, आणि तो फार कमी अर्जांत वापरलेला दिसतो. संहितेच्या कलम ४८० मध्ये स्पष्ट लिहिलंय की पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलिस कोठडी लागू शकते एवढंच जामीन नाकारायला पुरेसं कारण नाही, आरोपी एरवी जामिनाला पात्र असेल आणि कोर्टाच्या निर्देशांचं पालन करायची हमी देत असेल तर. आणि एकदा जामीन झाला की, तो रद्द झाल्याशिवाय, या उरलेल्या दिवसांवर बोट ठेवून पुन्हा ताबा मागता येत नाही. तेव्हा न्यायालयीन कोठडी मिळालेल्या दिवशीच अर्ज तयार हवा होता. झाला नसेल तर अजून उशीर झालेला नाही.

जामिनाच्या अर्जात एक मुद्दा जरूर असू द्या. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही कलमांना, नोकराने केलेला विश्वासघात आणि फसवणूक, जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नसते. आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती याची कारणं लिहायची, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं. ती कारणं समाधानकारक आहेत की नाही हे मॅजिस्ट्रेटने पाहायचंय, नुसता शिक्का मारायचा नाही. हा मुद्दा पहिल्या रिमांडलाच घ्यायचा असतो, पण जामिनातही उपयोगी पडतो. भावाला नोटीस आली होती का, तो तिला धरून हजर झाला होता का, हे वकिलांना नीट सांगा. अटकेची कारणं लेखी, त्याला कळेल अशा भाषेत दिली होती का, हेही विचारा. सुप्रीम कोर्ट गेल्या काही वर्षांत याबाबत फार कडक झालंय.

दुसरा हिशोब तपासाचा. न्यायालयीन कोठडी एका वेळी पंधरा दिवसांपर्यंतच देता येते, म्हणून चौदा-चौदा दिवसांच्या तारखा पडतात. या तारखांना मॅजिस्ट्रेट फारसे प्रश्न विचारत नाहीत. तपास चालू आहे आणि जामीन झालेला नाही, एवढ्यावर वाढवतात. पण हे कायम चालत नाही. दोषारोपपत्र साठ दिवसांत आलं नाही तर आरोपीला जामिनावर सुटायचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही मोठ्या रकमेचा असो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत हाच आकडा नव्वद आहे. मकोका किंवा यूएपीए लागलं तर हिशोब पूर्ण वेगळा, तिथे पोलिस कोठडी तीस दिवसांपर्यंत आणि तपासाची मुदत विशेष न्यायालय एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवू शकतं. तुमच्याकडे त्याचा संबंध नाही.

तुमच्याकडे संबंध आहे तो वाढीव कलमांचा. अकाउंटंटच्या केसमध्ये मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय. फिर्यादीत विश्वासघात आणि फसवणूक असते. तीन-चार आठवड्यांनी पोलिस कोर्टात रिपोर्ट देतात की चेकवर खोट्या सह्या आढळल्या, सबब कलम ३३८ वाढवत आहोत. चेक हा मौल्यवान दस्तऐवज आहे आणि त्याच्या बनावटीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एका कलमाने साठचे नव्वद होतात आणि पोलिस कोठडी मागायची मुदत चाळिसाची साठ होते, म्हणजे १२ एप्रिलची २ मे. शिवाय जन्मठेपेचं कलम आलं की मॅजिस्ट्रेट जामीन द्यायला कचरतात आणि सत्र न्यायालयात जावं लागतं. कधी कधी कलम ३१६(५)ही येतं, एजंट किंवा बँकर म्हणून केलेला विश्वासघात, त्यालाही जन्मठेप आहे. पण पगारी अकाउंटंट त्यात बसतो का, हे वादाचं आहे आणि वाद घालावा.

कलम वाढलं म्हणजे विषय संपला असं नाही. बनावट चेक खरंच आहे का, तो जप्त झालाय का, सही कुणाची म्हणतायत, हे डायरीत काहीतरी असायला हवं. कागदावर नुसता आकडा वाढवून मुदत वाढत नाही, हे मांडायची जागा साठाव्या दिवसानंतरचा जामीन अर्ज. आणि ज्या कलमात जास्तीत जास्त दहा वर्षं आहेत, जन्मठेप नाही, तिथे साठ की नव्वद यावर सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये राकेश कुमार पॉल प्रकरणात बहुमताने साठ म्हटलं होतं. नव्या कायद्यातली शब्दरचना थोडी बदलल्याने पोलिस तो वाद पुन्हा काढतात.

मोजायचं कसं यावर पूर्वी फार भांडणं व्हायची, एका दिवसावर जामीन अडायचा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी कपिल वाधवान प्रकरणात ठरवलं की ज्या दिवशी मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड दिला तो दिवस मोजायचा. अटकेचा दिवस नाही, रिमांडचा. पंधरा दिवसांतही पहिला दिवस धरावा असं मी म्हणतो ते याच तर्काने. तुमच्या हिशोबात मार्चचे अठ्ठावीस दिवस, एप्रिलचे तीस, म्हणजे ३० एप्रिलला अठ्ठावन्न. साठावा दिवस २ मे. त्या दिवशी कोर्टाची वेळ संपेपर्यंत दोषारोपपत्र आलं नाही तर ३ मेला अर्ज. ३३८ टिकलं तर नव्वदावा दिवस १ जून आणि अर्ज २ जूनला.

अटकेचा दिवस मोजत नाहीत म्हणून अजून एक गोष्ट तपासा. भावाला ३ मार्चला नेलं, की आधीच "चौकशीला" बोलावून दोन दिवस बसवून ठेवलं आणि ३ ला अटक दाखवली? तसं असेल तर २४ तासांचा नियम मोडलाय. पण नुसतं तोंडी सांगून कोर्ट मानत नाही. त्या दिवसांतले मेसेज, फोनचे कॉल, शेजाऱ्यांनी पाहिलेलं, ठाण्याबाहेरच्या दुकानातला कॅमेरा, काही असेल तर आत्ता जपून ठेवा. कॅमेऱ्याचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं.

पंधरा दिवसांच्या मर्यादेला एक पळवाटही आहे, आणि ती कायदेशीर आहे. मर्यादा एका गुन्ह्यापुरती असते. मालकाच्या दुसऱ्या फर्मने वेगळी फिर्याद दिली आणि वेगळा गुन्हा नोंद झाला, तर पोलिस कोर्टाकडून वॉरंट घेऊन भावाला जेलमधून त्या गुन्ह्यात वर्ग करून घेऊ शकतात, आणि तिथे नवा हिशोब सुरू होतो. पण त्याच व्यवहारातली नवी कलमं किंवा नव्याने सापडलेले चेक म्हणजे नवा गुन्हा नव्हे. दोन्ही फिर्यादी एकाच अफरातफरीच्या असतील तर वकिलांनी तिथेच हरकत घ्यायला हवी.

साठ दिवसांच्या जामिनाबद्दल सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एका गैरसमजाने. लोकांना वाटतं की मुदत संपली की जेलमधून सोडतात. सोडत नाहीत. अर्ज करावा लागतो, आणि अर्ज दोषारोपपत्राच्या आधी पडावा लागतो. आरोपीने अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र आलं तर, ते एकसष्टाव्या दिवशी आलं असलं तरी, हा हक्क संपतो. या उलट अर्ज आधी पडला आणि तासाभराने पोलिस दोषारोपपत्र घेऊन आले तर हक्क जात नाही. महाराष्ट्रातल्या उदय आचार्य प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणून त्या दिवशी वेळेला महत्त्व असतं. कोर्ट उघडताच अर्ज द्यायचा, त्यावर तारीख आणि वेळ घालून पोच घ्यायची. अर्ज मंजूर झाल्यावर कोर्ट सांगेल त्या मुदतीत जामीनदार उभा करायचा. ती मुदत चुकली आणि दरम्यान दोषारोपपत्र आलं तर पुन्हा अडचण.

दोषारोपपत्र वेळेत आलं तर मात्र साठ-नव्वदचा विषय तिथे संपतो. ती मुदत तपासाला आहे, कोठडीला नाही. पुढे वेगळ्या कलमाखाली न्यायालयीन कोठडी चालू राहते आणि सुटका नेहमीच्या जामिनावर, गुणदोषांवर होते. कागदपत्रांवर उभ्या केसमध्ये दोषारोपपत्रानंतर जामीन मिळायला तुलनेने सोपं जातं, कारण कागद जप्त झालेले असतात आणि पुराव्यात ढवळाढवळ होईल हा मुद्दा लंगडा होतो. किती सोपं, हे रकमेवर, आधीच्या गुन्ह्यांवर आणि त्या न्यायालयाच्या सवयीवर अवलंबून आहे. तुमची कागदपत्रं न बघता याहून जास्त सांगणं बरोबर नाही.

तेव्हा आत्ता वकिलांना तीन गोष्टी विचारा: ११ मार्चच्या आदेशात नेमकं काय लिहिलंय, जामीन अर्जात ४८० मधला तो मुद्दा घेतलाय का, आणि कलमवाढीचा रिपोर्ट आलाय का. कलमवाढ झाल्याचं कुटुंबाला कुणी कळवत नाही. दर तारखेला कोर्टातल्या रोजनाम्याची नोंद बघावी लागते. आणि २ मेच्या आधीच दोन जामीनदार ठरवून त्यांचे सातबारा किंवा पगाराचे दाखले, आधार आणि फोटो गोळा करून ठेवा, कारण आदेश झाल्यावर तलाठ्याकडे धावायला वेळ उरत नाही.